युलिप: सातपट विमा घ्यावा की दहापट?

मागच्या रविवारी कर्वेनगरहून माझी आतेबहीण आली ती युलिपची, म्हणजे विमा आणि बाजारातली गुंतवणूक एकत्र असलेल्या पॉलिसीची, दोन छापील इलस्ट्रेशन, म्हणजे खर्च आणि परताव्याचे अंदाजी तक्ते घेऊनच. वय ४८. योजना तीच, फंड तोच. हप्ता दोन्हीकडे वर्षाला २ लाख, पाच वर्षं भरायचा, मुदत १० वर्षं. फरक एवढाच की एका कागदावर विमा रक्कम हप्त्याच्या सातपट, १४ लाख, आणि दुसऱ्यावर दहापट, २० लाख. "दादा, विमा मला नकोच आहे, पैसे वाढायला हवेत. मग कमी विम्याचीच घेते ना? बँकेतला मुलगा म्हणाला, अडीच लाखांच्या आत हप्ता आहे, म्हणजे टॅक्स नाही."

त्या मुलाचं अर्धंच खरं आहे. १ फेब्रुवारी २०२१ पासून घेतलेल्या युलिपना अडीच लाखांची अट आहेच. अशा सगळ्या पॉलिसींचे हप्ते मिळून कुठल्याही वर्षी त्याच्यावर गेले, तर जास्तीच्या पॉलिसीची करमाफी जाते. पण त्याआधीची, जुनी अट अजून जागेवर आहे. १ एप्रिल २०१२ पासूनच्या पॉलिसीत कोणत्याही वर्षाचा हप्ता विमा रकमेच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नको. २० लाखांवर २ लाख म्हणजे नेमके १० टक्के, चालतं. १४ लाखांवर तेच २ लाख १४ टक्क्यांच्या वर जातात, आणि मुदतपूर्तीची करमाफी पहिल्याच दिवशी संपते. विमा कंपनीला सातपट विमा द्यायला नियामकाची परवानगी आहे, म्हणून पॉलिसी अगदी कायदेशीर असते. फक्त करमाफ नसते. एकरकमी हप्त्याच्या युलिपमध्ये तर बहुधा सव्वापटच विमा असतो, म्हणजे दोन लाखांची पॉलिसीसुद्धा या चाळणीतून खाली पडते.

आता आकडे. दहा लाख भरले आणि शेवटी १६ लाख आले असं धरू. दहापटीत सगळे १६ लाख करमुक्त. सातपटीत ६ लाखांचा नफा भांडवली नफा ठरतो. (२०२५ च्या अर्थसंकल्पाआधी १० टक्क्यांची अट मोडणाऱ्या युलिपचा नफा इतर उत्पन्नात धरून स्लॅबप्रमाणे कर लागे, जुन्या माहितीपत्रकांत अजून तेच सापडेल.) इक्विटी फंड असेल तर वर्षाची सव्वा लाखाची सूट वजा करून ४.७५ लाखांवर साडेबारा टक्के आणि ४ टक्के सेस, म्हणजे ६१,७५० रुपये. कंपनी आधी नफ्यावर २ टक्के, म्हणजे १२,००० टीडीएस कापेल. तो विवरणपत्रात वळता होतो.

एक खोच इथेच आहे. ही सूट मिळायला फंडात पूर्ण मुदतभर किमान ६५ टक्के इक्विटी हवी. शेवटच्या दोन वर्षांत बाजाराच्या भीतीने सगळं डेट फंडात वळवलं, की सव्वा लाखाची सूट गेली आणि कर ७८,००० झाला. बहीण हे नक्की करणार, मी तिला ओळखतो. दहापटीत असं वळवण्याला कराची आडकाठी नाही.

पण दहापटही फुकट नाही. जास्तीच्या ६ लाखांच्या विम्यापोटी दर महिन्याला फंडातली युनिटं मोडून मॉर्टॅलिटी चार्ज, म्हणजे विम्याची किंमत, कापला जातो. तिच्या वयाला दहा वर्षांत सरासरी हजारी ६ रुपये दर धरला तर वर्षाला ३,६००, एकूण ३६,००० रुपये. निधी वाढत गेला की शेवटी हा फरक घटतो, पण सुरुवातीला कापलेल्या पैशावरची वाढही बुडते. तरीही कराच्या ६१,७५० पेक्षा हे स्वस्त, आणि घरच्यांना ६ लाखांचा जादा आधार मिळतो तो वेगळाच. मृत्यूनंतर मिळणारी रक्कम मात्र दोन्हीकडे करमुक्तच असते.

तिच्या थोरल्या दिरांचं वय ५८. त्यांनी विचारलं असतं तर मी उलट सांगितलं असतं. त्या वयात सरासरी दर हजारी १४ च्या आसपास धरला तर तोच जादा विमा ८४,००० खाईल, आणि कर भरणं परवडेल. म्हणून दर अंदाजाने न धरता इलस्ट्रेशनमधल्या मॉर्टॅलिटी चार्जच्या रकान्याची दोन्ही कागदांवर बेरीज करायची.

जुन्या करप्रणालीत असाल तर आणखी थोडा फरक: ८०सीच्या वजावटीतही विमा रकमेच्या १० टक्केच हप्ता धरतात, म्हणजे सातपटीत १.४ लाख, दीड लाख नव्हे.

बहिणीने दहापटीचा कागद बाजूला काढला आणि विचारलं, "बोनस आला की वर लाखभर टॉप-अप टाकू ना?" टॉप-अपला सव्वापट, म्हणजे सव्वा लाखाचाच विमा जोडतात. त्या वर्षी ३ लाख हप्त्यामागे विमा सव्वाएकवीस लाख. एकाच वर्षात दहा टक्केही ओलांडले, अडीच लाखही.

"मग नको," म्हणाली, आणि चहा ओतला.