आर आणि haven: काही महिन्यांच्या वापरानंतर

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा (२०१९-२१) डेटा वाचायला मी काही महिने आर आणि त्यातलं, स्टाटासारख्या सॉफ्टवेअरच्या फाईली वाचणारं haven पॅकेज वापरते आहे. सर्वेक्षणातल्या सात लाखांहून जास्त स्त्रियांच्या नोंदींची फाईल `read_dta()` बिनतक्रार उघडतं. त्यासाठी मेमरी मात्र भरपूर लागते, म्हणून `col_select` वापरून हवे तेवढेच स्तंभ घ्यावेत.

पण या पॅकेजची खरी परीक्षा माझ्या शेजारी बसणाऱ्या एमएच्या मुलीच्या प्रबंधात झाली. विषय होता महाराष्ट्रातल्या स्त्रियांमधला लठ्ठपणा. प्रबंध द्यायला चार दिवस उरले होते आणि ती परिशिष्टासाठी किमान-कमाल आकड्यांचा तक्ता करत होती. बीएमआयचा कमाल आकडा आला ९९.९८. दीडशे सेंटिमीटर उंचीच्या बाईचा बीएमआय एवढा असेल, तर तिचं वजन सव्वादोनशे किलो भरतं! तिनं dplyr पॅकेज घेऊन v445 या बीएमआयच्या स्तंभातले मोठे आकडे लगेच मोजून पाहिले:

```r
d |> filter(v445 > 6000) |> count(v445)
```

सगळ्या नोंदी ९९९८वर गोळा झालेल्या. फाईलमध्ये बीएमआय शंभरपट करून लिहितात, म्हणजे २१४५ म्हणजे २१.४५. पण ९९९८ हे मोजमाप नाहीच. संशयास्पद म्हणून बाजूला काढलेल्या नोंदींचा तो संकेतांक आहे. तिनं सरसकट शंभरनं भागलं होतं आणि '२५ किंवा जास्त' या अटीत त्या सगळ्या स्त्रिया लठ्ठ ठरल्या होत्या.

सरासरी पाहून हे कळत नाही. समजा, ९९० जणींची सरासरी २२ आहे आणि उरलेल्या १० जणींपुढे ९९.९८ लिहिलंय. एकूण सरासरी २२.७८ येते. अशा आकड्यावर कुणाला शंका येणार?

इथे haven कमी पडतं. `zap_labels()` फक्त लेबल काढतं, आकडा तसाच ठेवतं. `zap_missing()`सुद्धा या ९९९८ला हात लावत नाही, कारण स्टाटाच्या फाईलमध्ये तो साधा आकडाच असतो. दुरुस्ती स्वतः करावी लागते, आणि तीही वर्गवारीच्या आधी:

```r
d$v445[d$v445 >= 9990] <- NA
```

मूळ फाईल तिनं कधीच बदलली नव्हती आणि सगळी आकडेमोड एकाच स्क्रिप्टमध्ये होती, म्हणून ही ओळ घालून सगळे तक्ते पुन्हा काढता आले. लठ्ठपणाचं प्रमाण खाली आलं, शहर-खेड्यातला फरक टिकला. मॅडमना तिनं जुने आणि नवे तक्ते शेजारी ठेवून दाखवले. "बदल का झाला, ते पद्धतीच्या प्रकरणात लिही," एवढंच त्या म्हणाल्या.

मी haven वापरत राहणार. वाचनासाठी ते उत्तमच आहे. पण लेबल असलेले संकेतांक आकडेमोडीत जाताना ते एखादी सूचना देत नाही, ही मोठी उणीव वाटते. तोवर `print_labels(d$v445)` चालवूनच पुढे जावं.