पागोळी सापडली ती अशी: आठ महिने कोश उलटा वापरल्यावर

मी भाषांतराचं काम करते. अर्थ डोळ्यांसमोर लख्ख उभा असतो, शब्द मात्र ओठांवर येऊन परत फिरतो, हा प्रकार माझ्यासाठी रोजचाच. गेल्या आठ महिन्यांपासून मी यासाठी शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचे मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी आणि दात्यांचा मराठी-मराठी असे दोन कोश उलट बाजूने वापरते आहे. म्हणजे शब्द टाकून अर्थ पाहायचा नाही, तर अर्थातला एखादा शब्द टाकून कोशातल्या नोंदींच्या पूर्ण मजकुरात तो शोधायचा.

पहिल्यांदा फायदा झाला तो प्रसंग सांगते. पाऊस पडताना छपराच्या कडेवरून ज्या धारा लागतात, त्यांना शब्द हवा होता. डोक्यात सारखा ‘पन्हळ’ येत होता. तो नव्हे, हे पक्कं ठाऊक होतं, कारण पन्हळ म्हणजे पाणी वाहून नेणारी नळी. तरी तो हटेना. तेवढ्यात शेवटी ‘ळी’ आहे असंही वाटून गेलं.

मोल्सवर्थमध्ये आधी `water` टाकून पाहिलं. एवढ्या नोंदी आल्या की वाचवेनात. मग लक्षात आलं की आपल्या वर्णनातला सगळ्यात कमी वापरला जाणारा शब्द टाकायला हवा. `eaves` टाकल्यावर यादी आटोक्यात आली. वळचण दिसली, ती ओळखीची होती पण हवी ती नव्हती. आणि मग ‘पागोळी’! वाचताक्षणी खात्री पटली, अर्थ तपासावाही लागला नाही. तरी दात्यांच्या कोशात जाऊन पाहिलंच, कारण लिंग आणि अनेकवचन चुकलं तर सापडलेला शब्द वाक्यात बसत नाही. ती पागोळी, त्या पागोळ्या.

‘पन्हळ’ आडवा आला तो उगाच नव्हता. 1966 मध्ये रॉजर ब्राउन आणि डेव्हिड मॅकनील या मानसशास्त्रज्ञांनी याच अवस्थेवर प्रयोग केला होता. विद्यार्थ्यांना विरळा शब्दांच्या व्याख्या वाचून दाखवायच्या आणि शब्द विचारायचा. ‘संपान’ या होडीचं वर्णन ऐकून काहींना ‘सैपान’, ‘सारोंग’ असे नुसत्या आवाजाने जवळचे शब्द सुचले, काहींना ‘हाउसबोट’सारखे अर्थाने जवळचे. पहिलं अक्षर आणि शब्दाची लांबी यांचा अंदाजही निव्वळ योगायोगापेक्षा बराच अधिक वेळा बरोबर निघाला. म्हणून आता मी कोश उघडण्याआधी कागदावर आडवा येणारा शब्द, वाटतं ते पहिलं अक्षर आणि शेवट लिहून ठेवते. पन्हळ आणि पागोळी, दोन्ही ‘प’चे, दोन्हींत ‘ळ’, दोन्ही छपराच्या पाण्याचे! यादी लांब आली की मी आधी त्या अक्षराच्या नोंदींवरून नजर फिरवते.

दात्यांचा कोश मराठीतून अर्थ देतो, म्हणून तो सोपा जाईल असं वाटलं होतं. तसं झालं नाही. अडचण आपल्या सामान्यरूपाची आहे. व्याख्येत ‘छप्पर’ असेलच असं नाही, ‘छपराच्या’ किंवा ‘छपरावरून’ असेल, आणि ‘छप्पर’ टाकून ती नोंद निसटते. पाणीचं पाण्या, ऊसचं उसा, असंच. मी आता प्रत्येक रूप वेगळं टाकते. शिवाय हा कोश 1932 ते 1950 दरम्यान छापलेला, म्हणजे 1962 च्या लेखननियमांच्या आधीचा. त्यात ‘घरात’ नसतं, ‘घरांत’ असतं. एका अनुस्वारापायी माझी दुपार गेली आहे, त्यामुळे शोध रिकामा आला की आधी अनुस्वार लावून पाहा.

मोल्सवर्थची अडचण निराळी. दुसरी आवृत्ती 1857 ची, म्हणून त्यातली इंग्रजीही त्या काळची. आपण आज ज्या शब्दात वर्णन करू तो तिथे नसेलही. दोन-तीन जुने पर्याय टाकून पाहावे लागतात. शेती, घरबांधणी, भांडी, पाऊस, माणसांचे स्वभाव यांत हा कोश अफाट आहे. त्यानंतर मराठीत आलेल्या शब्दांसाठी अर्थातच निरुपयोगी.

एक चूक मी सुरुवातीला केली, ती सांगायलाच हवी. हवा तो शब्द सापडला नाही म्हणून यादीतला एक अनोळखी पण अर्थाने चपखल शब्द घेतला आणि मजकुरात घातला. संपादकांनी तो खोडला, आणि बरोबर केलं, कारण तो मलाच वाचून ओळखीचा वाटला नव्हता. आठवत नसलेला शब्द दिसला की आतून ‘हाच तो’ असं येतं. ते आलं नाही तर मी शोध थांबवते, वर्णन वहीत लिहून ठेवते आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या शब्दाने पुन्हा बघते.