सीमा आखताना गाव मोजावे की जिल्हा? सीमाप्रश्नावर भूमिका ठरवणाऱ्यांसाठी तुलना

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नावर कोल्हापुरात प्रत्येकाला मत असते, कारण निपाणी आपल्याला परकी वाटत नाही आणि बेळगावात अनेकांची सोयरीक आहे. तरीही ग्रामसभेत ठराव मांडायचा असो की वादविवाद स्पर्धेत बाजू घ्यायची असो, भूमिका ठरवणाऱ्याने ‘बेळगाव कोणाचे’ या प्रश्नाच्या आधी एका प्रश्नाचे उत्तर द्यायला हवे. भाषेनुसार सीमा आखायची तर भाषिक बहुसंख्या कोणत्या घटकात मोजायची, जिल्ह्यात, तालुक्यात की गावात? घटक बदलला की तीच माणसे आणि तीच जनगणना असूनही नकाशा वेगळा निघतो.

पहिला पर्याय राज्य पुनर्रचना आयोगाचा. फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर यांच्या या आयोगाने सप्टेंबर 1955 मध्ये अहवाल दिला. भाषा हा महत्त्वाचा निकष आहे, पण एकमेव नाही, अशी त्याची धारणा होती आणि सीमा ठरवताना त्याने साधारणपणे जिल्हा घटक मानला. बेळगावच्या बाबतीत आयोगाचा युक्तिवाद असा होता की शहर जिल्ह्याचे मुख्यालय आहे, आणि जिल्ह्याचे बहुतेक तालुके कर्नाटकात जाणार असतील तर मुख्यालय त्यांच्यापासून तोडू नये. मात्र त्याच जिल्ह्यातला चंदगड तालुका मराठीबहुल म्हणून बाजूला काढला गेला. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्य पुनर्रचना कायदा अमलात आला तेव्हा ‘चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा’ तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला आणि चंदगड कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला.

चंदगडचे उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे, कारण दोन्ही पर्यायांची किंमत तिथे एकाच ठिकाणी दिसते. भाषेच्या न्यायाने तालुका महाराष्ट्रात आला, हे योग्यच झाले. पण त्याला मोठी बाजारपेठ जवळची ती बेळगावची. शिनोळी तर बेळगावच्या वेशीवरच आहे. जिल्हाधिकारी कार्यालयातल्या कामासाठी मात्र तिथल्या माणसाला उलट्या दिशेने शंभरेक किलोमीटर कोल्हापूर गाठावे लागते. आयोगाने जी प्रशासकीय सोय बेळगाव शहरासाठी निर्णायक मानली, ती चंदगडसाठी मानली नाही. माझ्या मते जिल्हा-घटकाचा खरा दोष इथे आहे. अपवाद कधी करायचा याचा लेखी नियम त्यात नाही, त्यामुळे निकाल आयोगाच्या तारतम्यावर अवलंबून राहतो.

दुसरा पर्याय गाव हाच घटक मानण्याचा. त्याचा देशातला सर्वांत स्वच्छ नमुना आंध्र आणि मद्रास यांच्या सीमेवर सापडतो. तिथे मध्यस्थ होते हरि विनायक पाटसकर. नियम मोजके होते: गाव हा घटक, भौगोलिक सलगता, आणि गावात निम्म्याहून अधिक लोकांची भाषा. त्यानुसार तिरुत्तणी मद्रासकडे आली, सत्यवेडूचा भाग आंध्रकडे गेला, आणि संसदेच्या कायद्याने 1 एप्रिल 1960 पासून हा बदल अमलात आला. दोन्ही राज्यांनी काही मिळवले आणि काही सोडले, पण नियम आधी ठरला आणि नकाशा नंतर निघाला.

मुंबई राज्याने 1957 मध्ये केंद्राकडे जे निवेदन दिले त्यामागे हीच दृष्टी होती. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, सापेक्ष भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा ही महाराष्ट्राची चार सूत्रे सीमाभागात आजही तोंडपाठ आहेत. या मागणीत सुमारे 814 गावे मागितली होती, तशीच आपल्याकडची सुमारे 260 कन्नडबहुल गावे देण्याची तयारीही दाखवली होती. ही दुसरी बाजू आपल्या सभांमध्ये फारशी सांगितली जात नाही, आणि मला ती लपवणे गैर वाटते, कारण मागणीची नैतिक ताकद तिच्यातच आहे. गाव-घटक निपाणीसाठी मागायचा असेल तर जत आणि अक्कलकोटच्या कन्नडबहुल गावांनाही तो लागू करावा लागेल.

सेनापती बापटांच्या उपोषणानंतर 1966 मध्ये नेमलेला महाजन आयोग या दोन पर्यायांच्या मधला म्हणावा लागेल. माजी सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांनी 1967 च्या अहवालात गावांची अदलाबदल सुचवली. निपाणी, खानापूर, नंदगड यांसह 264 गावे महाराष्ट्राला आणि 247 गावे कर्नाटकला द्यावीत, पण बेळगाव शहर कर्नाटकातच ठेवावे, अशी ती शिफारस होती. शहर तीन बाजूंनी कन्नड प्रदेशाने वेढलेले आहे, यावर महाजनांनी भर दिला. म्हणजे गावे भाषेने मोजली आणि शहर त्याच्या परिसराने. महाराष्ट्राने अहवाल नाकारला, आणि एकच मोजपट्टी सगळीकडे लावली नाही हा त्याचा आक्षेप मला ग्राह्य वाटतो. याच आयोगाने केरळमधल्या कासरगोडचा चंद्रगिरी नदीच्या उत्तरेचा भाग कर्नाटकला द्यावा असे सुचवले, ते केरळनेही मानले नाही.

गाव-घटक निवडणाऱ्याने त्याच्या मर्यादाही नीट पाहाव्यात. सलगता ही साखळीसारखी असते आणि एक कडी निखळली तर पुढचे सगळे सुटते. पंजाब-हरियाणाच्या वादात हे घडले. अबोहर-फाजिल्का भागातली हिंदीभाषक गावे हरियाणाला जोडण्याचा प्रश्न 1986 मध्ये मॅथ्यू आयोगापुढे आला, तेव्हा सारे कंदूखेडा या एका गावावर येऊन ठेपले. तिथे भाषेची खास गणना झाली, गाव पंजाबीभाषक निघाले आणि तो भाग हरियाणापासून तुटला. एका गावातली कुटुंबे गणकाला कोणती मातृभाषा सांगतात यावर दोन तालुक्यांचे भवितव्य ठरणार असेल, तर दोन्ही बाजूंचे राजकारण त्या गावात उतरते. पंजाबातल्या अनेक हिंदूंनी 1951 आणि 1961 च्या जनगणनेत मातृभाषा हिंदी नोंदवली होती. त्या नोंदीत घरातल्या बोलीइतकीच राजकीय ओळखही होती.

म्हणूनच जनगणनेचे वर्ष महत्त्वाचे ठरते. पुनर्रचनेआधीची 1951 ची आकडेवारी धरली तर नंतरची बदललेली वस्ती, शाळा आणि सरकारी नोकऱ्या यांचा परिणाम टळतो. आजचे आकडे धरले तर ज्या राज्याचा ताबा आहे त्याला ताब्याचेच बक्षीस मिळते. दुसरी अडचण ‘सापेक्ष’ या शब्दात आहे. पाटसकरांनी निम्म्याहून अधिक बहुसंख्या मागितली. आपले सूत्र मात्र सर्वांत मोठ्या भाषिक गटावर समाधान मानते. उर्दू, कन्नड आणि मराठी एकत्र नांदणाऱ्या गावांत या फरकाने निकाल पालटू शकतो. कारवार, हल्याळ, सुपे या भागांतला दावा तर कोकणीला मराठीत धरायचे की नाही यावर उभा आहे. 1992 मध्ये कोकणी आठव्या अनुसूचीत स्वतंत्र भाषा म्हणून आल्यापासून ती बाजू मांडणे अवघड झाले आहे, हे मान्य केले पाहिजे.

प्रशासनाची सलगता आणि बाजाराची सोय ज्याला अधिक मोलाची वाटते, त्याने जिल्हा-घटक घ्यावा. पण मग बेळगाव सोडावे लागेल आणि चंदगडबद्दलही उत्तर द्यावे लागेल. लहान वस्तीतल्या माणसाला त्याच्या भाषेत सातबारा आणि शाळा मिळावी हे ज्याला पहिले वाटते, त्याने गाव-घटक घ्यावा, आणि देण्याची गावे मोजायला तयार राहावे. मी दुसऱ्या बाजूचा आहे, 1951 च्या आकड्यांसह आणि दोन्ही राज्यांना एकच नियम लावून.

कोणतीही बाजू घेतली तरी ठराव कोणाकडे पाठवायचा हे माहीत असावे. महाराष्ट्राने 2004 मध्ये घटनेच्या अनुच्छेद 131 खाली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला आहे. मात्र राज्याची सीमा बदलणारा कायदा अनुच्छेद 3 नुसार संसदच करते. त्यासाठी राष्ट्रपतींची शिफारस लागते आणि विधेयक संबंधित विधिमंडळांकडे मतासाठी पाठवावे लागते, परंतु ते मत संसदेवर बंधनकारक नसते. त्यामुळे विधानसभेने एकमताने केलेल्या ठरावानेही सीमा हलत नाही. ग्रामसभेच्या ठरावाचा उपयोग आहे तो लोकेच्छेची नोंद म्हणून, आणि त्या नोंदीत गावाने कोणता घटक व कोणत्या वर्षाची जनगणना धरली आहे हे स्पष्ट लिहिलेले असावे.