माठ, स्टीलचं पिंप की प्लास्टिकचा जार? सोलापूरच्या उन्हाळ्यापुरतं बोलू

होळी झाली की रस्त्याकडेला माठ मांडले जातात आणि बऱ्याच घरांत तोच वाद सुरू होतो. स्टीलचं पिंप आहे, प्लास्टिकचा जार आहे, मग माठाची उठाठेव कशाला? फ्रिजचं पाणी माझ्या घशाला सोसत नाही, म्हणून फ्रिज बाजूला ठेवतो. या तिघांचंच बघू.

आधी एक समज दूर करतो. "स्टील तापतं, माती तापत नाही" असं लोक म्हणतात, ते तितकंसं खरं नाही. सावलीतलं स्टीलचं पिंप हवेपेक्षा गरम होत नाही, हवेइतकं होतं. प्लास्टिकचंही तेच. पण मे महिन्यात दुपारी घरातली हवाच ३५-३६ अंशांवर असेल, तर पाणीही तिथंच जाऊन टेकणार. माठाचं वेगळेपण एवढंच की तो पाझरतो. भाजलेल्या मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी बाहेरच्या अंगाला येतं, कोरड्या हवेत त्याची वाफ होते आणि वाफ व्हायला लागणारी उष्णता बरीचशी आतल्या पाण्यातून ओढली जाते.

ही ओढ किती मोठी असते ते बघा. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण ५८० किलोकॅलरी लागतात. माठातलं १० लिटर पाणी ३४ अंशांवरून २६ वर आणायला ८० किलोकॅलरी पुरतात. म्हणजे हिशेबाने १४० मिलिलिटर, जेमतेम पेलाभर पाणी उडालं की काम झालं. प्रत्यक्षात बाहेरची गरम हवा माठाला सतत ऊन करत असते, त्यामुळे दिवसभरात याच्या कितीतरी पट पाणी उडतं. सकाळी काठोकाठ भरलेला माठ कुणी न पिताही संध्याकाळी खाली उतरलेला दिसतो, त्याचं कारण हे.

आता माझा निकाल कशावर लागला ते सांगतो. हे सगळं कळल्यावर वाटलं, मग स्टीलच्या पिंपालाच ओला टॉवेल गुंडाळला तर? आपल्या गावात टॉवेलांना काय तोटा! सोलापुरी टर्किश टॉवेल, जाडजूड, पाणी भरपूर धरणारा. गंमत म्हणजे हे चालतं. टॉवेल ओला असेपर्यंत पिंपातलं पाणी छान गार व्हायचं, प्रामाणिकपणे सांगायचं तर माठाच्या जवळपास. पण उन्हाळ्याच्या दुपारी तो टॉवेल बघता बघता वाळतो. घरात कुणी असलं तर तांब्या ओतायचा, नसलं तर संध्याकाळी कोमट पाणी प्यायचं. टॉवेलाचं टोक खाली पातेल्यात सोडूनही पाहिलं, पण पाणी वरपर्यंत चढत नाही. खालचा हातभर भाग ओला, वरचा कडक. वर चार दिवसांत त्या टॉवेलाला असा कुबट वास यायला लागला की पाणी प्यायला गेलं की आधी नाक मुरडायचं. माठ म्हणजे आतून स्वतःच ओला होत राहणारा टॉवेल आहे. माझ्यासाठी विषय तिथंच संपला. तुमच्या घरी दिवसभर कुणी असेल आणि तांब्या ओतण्याचा कंटाळा नसेल, तर पिंपही वाईट नाही. प्लास्टिकच्या जारचं मात्र मला जमलं नाही. उन्हाळ्यात त्यातल्या पाण्याला येणारी चव ज्याला जाणवत नाही त्यानं खुशाल वापरावा.

माठ घ्यायचा ठरला तर तो वाजवून घेतात, हे सगळ्यांना माहीत असतं. बद्द आवाज आला तर तडा असतो किंवा माती कच्ची भाजलेली असते. पण उलट बाजूही आहे, ती मला माठ विकणाऱ्या एका मावशींनी सांगितली. मी टिचकी मारून सगळ्यात खणखणीत माठ उचलला, तर त्या म्हणाल्या, "दादा, त्यो टिकंल, पर गार न्हाई व्हायचा." जास्त भाजला की मातीची छिद्रं मिटत जातात, माठ मजबूत होतो आणि पाझरणं कमी होतं. तेव्हा वाजायला हवा, पण काचेसारखा किणकिणायला नको.

त्यांनी पुढे बोट पाण्यात बुडवून माठाच्या पोटावर एक थेंब ठेवला. थेंब लगेच पसरला आणि पाहता पाहता मुरला, मागे गडद ठिपका उरला. शेजारच्या रंगीत वेलबुट्टीच्या माठावर तोच थेंब तसाच गोल बसून राहिला, मग ओघळला. ऑइलपेंट किंवा पॉलिश लावलेला माठ दिसायला देखणा असतो, पण छिद्रं बुजल्यावर त्यात आणि प्लास्टिकमध्ये उरलं काय? काळा की लाल, यावर मात्र फार डोकं खाऊ नका. भट्टीत धूर कोंडला की माठ काळा होतो, हवा खेळती राहिली की लाल; गारवा रंगावर नाही, मातीवर आणि भाजणीवर अवलंबून. दुकानातच पाणी भरून थोडा वेळ थांबता आलं तर उत्तम. सगळं अंग सारखं ओलसर व्हायला हवं. एकाच जागेवरून थेंब ठिबकत असेल तर ती चीर आहे. तोटीचा माठ मी टाळतो, कारण तोटीच्या जोडापाशी गळती हमखास लागते. त्यापेक्षा हात आत जाईल एवढं तोंड आणि लांब दांड्याचं ओगराळं बरं.

माठाला मर्यादाही आहेत. हवा ४० अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर वाफेच्या जोरावर पाणी फार तर २२-२३ अंशांपर्यंत उतरू शकतं. माठ त्याच्या थोडा वरच थांबतो. पावसाळ्यात हवा ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असली, की हीच मर्यादा २७ च्या आसपास येते. तेव्हा माठ आणि पिंप यांत फारसा फरक उरत नाही. म्हणूनच मुंबईच्या पाहुण्यांना आपल्या माठाचं कौतुक वाटतं. तोच माठ स्वयंपाकघराच्या कोंदट कोपऱ्यात ठेवला तर इथंही हिरमोड करेल. तिवईवर, सावलीत, वारा लागेल असा ठेवा.

दुसरी अडचण बोअरच्या जड पाण्याची. पाणी उडतं, क्षार मागे राहतात, आणि काही महिन्यांत माठाच्या अंगावर पांढरी बुरशीसारखी पुटं चढतात. ती काथ्यानं घासून निघतात, पण छिद्रांत बसलेली निघत नाहीत. साबण लावू नका, माती तो पिऊन घेते. भरलेल्या माठाचं पोट हाताला कोरडं लागायला लागलं की त्याचे दिवस भरले. शक्यतो माठात नळाचंच पाणी घाला.

आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे साठवणीला पिंप आणि जार लागणारच. मी साठा स्टीलमध्ये ठेवतो, प्यायला माठ. मोठ्या एका माठाऐवजी दोन लहान घ्यावेत असं माझं मत आहे. ताजं भरलेलं पाणी गार व्हायला काही तास लागतात, आणि दुपारी दोनला अर्ध्या माठात टाकीचं गरम पाणी ओतलं की सगळंच कोमट होतं. एक रात्री भरून ठेवायचा, त्यातलं संपेपर्यंत दुसऱ्याला हात लावायचा नाही.