नऊ महिने अल्ट्रा आणि हाय: आरटीएक्स ३०६० वरचा माझा हिशेब

गेल्या वर्षी सेकंडहँड आरटीएक्स ३०६० घेतलं, १२ जीबीवालं. सोबत रायझन ५ ५६००, १६ जीबी रॅम, एनव्हीएमई एसएसडी आणि १०८०पीचा १४४ हर्ट्झ मॉनिटर. पहिल्याच रात्री सायबरपंक २०७७ टाकला, प्रीसेट अल्ट्रावर ढकलला आणि दोन महिने तसाच खेळलो. आता सात महिने झाले, हायवर आहे. मधे काय झालं ते सांगतो, कारण कार्ड घ्यायच्या आधी मला हे कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

गेममध्येच बेंचमार्क आहे, त्यामुळे मोजणं सोपं. रे ट्रेसिंग बंद, डीएलएसएस बंद, १०८०पी. अल्ट्राला सरासरी ६२ एफपीएस, हायला ७९. तीन-तीनदा चालवलं, एक-दोन एफपीएसचा फरक सोडला तर आकडे तेच. म्हणजे हायवर फ्रेम जवळपास सव्वापट मिळतात.

पण एफपीएसमध्ये हिशेब नीट लागत नाही, मिलिसेकंदात लागतो. ६२ एफपीएस म्हणजे एक फ्रेम १६.१ मिलिसेकंदात तयार होते, ७९ म्हणजे १२.७ मध्ये. अल्ट्रा दर फ्रेममागे माझ्याकडून ३.४ मिलिसेकंद घेतं. हे ३.४ जातात कुठे, हे बघायला एक अख्खा रविवार घातला. सगळं अल्ट्रावर ठेवून एकेक सेटिंग हायवर आणली आणि दरवेळी बेंचमार्क चालवला. एकट्या `Screen Space Reflections Quality` ने सुमारे १.४ मिलिसेकंद परत दिले. धुक्याच्या `Volumetric Fog Resolution` ने ०.७ आणि ढगांनी ०.५. उरलेल्या दहा-बारा सेटिंग मिळून जेमतेम ०.८. सावल्यांमधल्या काही सेटिंगचा खर्च तर मोजमापाच्या चुकीतच बुडून गेला.

म्हणून अल्ट्रा ही एक पातळी समजू नये, ते गाठोडं आहे. त्यातल्या तीन वस्तू महाग, बाकी चिल्लर. या तीनच हायवर आणून बाकी सगळं अल्ट्रावर ठेवलं, तर ७४ एफपीएस मिळतात. मी आज याच मिश्रणावर आहे. वर हाय म्हटलं ते सोयीपुरतं.

दिसतं का वेगळं? पाऊस पडून गेलेल्या रस्त्यावर उभं राहून, पाट्यांच्या प्रतिबिंबांकडे टक लावून पाहिलं तर अल्ट्रामधे रवाळपणा कमी आहे, हे खरं. गाडी चालवताना मात्र मला ओळखू येत नाही. सुट्टीत मामेभाऊ आला होता, त्याला बसवलं आणि मी मागून मनाला येईल तशी प्रतिबिंबांची सेटिंग बदलत गेलो. त्याने दहापैकी सहा वेळा बरोबर ओळखलं. नाणं उडवूनही पाच आली असती.

टेक्स्चरचं गणित वेगळं, आणि इथेच बहुतेक जण फसतात. टेक्स्चर एकदा कार्डच्या मेमरीत मावले की फ्रेम तयार करायच्या वेळेवर त्यांचा भार नगण्य असतो. माझ्याकडे मेमरी साडेसहा-सात जीबी भरते, १२ पैकी. त्यामुळे टेक्स्चर वरच्याच पातळीवर ठेवतो, एफपीएस हलत नाही. कार्ड हळू असलं तरी मेमरी भरपूर असेल तर टेक्स्चर खाली आणू नका. (या गेममध्ये टेक्स्चरची सेटिंग खेळ चालू असताना बदलत नाही, मेन मेनूत जावं लागतं. मी पहिले दोन आठवडे ती बिघडलीय असंच समजत होतो.)

मामेभावाकडे नेमकी उलटी गत. त्याने जुन्या आय५-७४०० च्या मशीनमधे नवं आरटीएक्स ४०६० बसवलं. चिप माझ्यापेक्षा वेगवान, मेमरी ८ जीबी. त्याचा फोन आला, "दादा, माझ्याकडे अल्ट्रा आणि हाय सेमच चालतंय, ४५ ते ५०. अल्ट्रा फुकट आहे!" फुकट नव्हतं ते. स्क्रीनवर आकडे लावायला सांगितले, तर कार्डचा वापर ६० ते ६५ टक्के. चार कोअरचा, चार थ्रेडचा प्रोसेसर आधीच दमला होता आणि कार्ड त्याची वाट बघत बसलं होतं. खात्री करायला रिझोल्यूशन ७२० पी वर आणायला लावलं. एफपीएस एकानेही वाढला नाही, म्हणजे अडथळा कार्डात नाहीच. अशा मशीनवर प्रतिबिंबं कमी करून काही हाती लागत नाही. रस्त्यावरची गर्दी कमी केली तेव्हा जिग-जिग स्ट्रीटवर सात-आठ एफपीएस सुधारले.

त्याचा दुसरा त्रास मेमरीचा. दुसऱ्या एका नव्या गेममध्ये मेनूतच मेमरीची पट्टी दिसते, ती लाल झाली होती. तरी त्याने टेक्स्चर अल्ट्रावर ठेवले, कारण सरासरी एफपीएस चांगला येत होता. सरासरी इथे खोटं बोलते. वळण घेतलं की अर्धा सेकंद चित्र अडकायचं, भिंती आधी मेणासारख्या गुळगुळीत दिसायच्या आणि मग तपशील उमटायचा. मेमरी ओसंडली की उरलेला माल सिस्टिम रॅममधून पीसीआयईवरून ये-जा करतो. ४०६० ची स्वतःची मेमरी सेकंदाला २७२ जीबी देते. हे कार्ड पीसीआयईच्या फक्त ८ लेन वापरतं, आणि त्याचा बोर्ड तिसऱ्या पिढीचा, म्हणजे तो रस्ता जेमतेम ८ जीबीचा. एक पायरी खाली, हाय टेक्स्चर केल्यावर अडकणं थांबलं, सरासरी होती तेवढीच राहिली.

मग लागतं काय? सायबरपंकच्या २.० नंतरच्या अधिकृत तक्त्यात १०८०पी, हाय, ६० एफपीएससाठी आरटीएक्स २०६० सुपर किंवा आरएक्स ५७०० एक्सटी दिलंय. माझं ३०६० साधारण त्याच वजनाचं, त्यामुळे तक्ता पटतो. प्रोसेसरच्या रकान्यात मात्र आय७-१२७०० आणि रायझन ७ ७८००एक्स३डी आहेत, ते ६० एफपीएससाठी फार झाले. माझा ५६०० सहज पुरतो. आता अल्ट्रावर तेच ७९ एफपीएस हवे असतील तर सव्वापट वेगाचं कार्ड हवं, म्हणजे ३०६० टीआय. तीन सेटिंगसाठी एक पायरी वरचं कार्ड, आणि त्यात मेमरी पुन्हा ८ जीबी. रे ट्रेसिंगचं प्रकरणच वेगळं, त्याला माझं कार्ड डीएलएसएसशिवाय पुरत नाही.

शेवटचं कारण विजेचं. मी नागपुरात राहतो, मे महिन्यात खोलीत आधीच भट्टी. अल्ट्रावर कार्ड कायम १७० वॉटला टेकलेलं. माझं मिश्रण लावून रिवाट्यूनरने ६० एफपीएसची मर्यादा घातली की ते १२० ते १३० वॉटवर येतं, पंख्याचा आवाज बसतो. अल्ट्रावरही तीच मर्यादा लावून पाहिली; वॉट फारसे उतरले नाहीत, कारण ६० गाठतानाच कार्डाचा जीव जातो. डॉगटाऊनमधे तर ५० च्या खाली घसरतं, तिथे मर्यादेचा उपयोगच नाही. लाईट गेल्यावर माझा यूपीएस आता सेव्ह करून बंद करण्याइतका वेळ देतो. आधी शिट्टी वाजायची आणि दुसऱ्याच मिनिटाला अंधार.