नॅपसॅकसाठी पूर्ण टेबल की एकच अ‍ॅरे? मी काय निवडलं

झिरो-वन नॅपसॅक, म्हणजे ठरलेल्या वजनात बसतील अशा वस्तू, प्रत्येक फार तर एकदाच घेऊन, एकूण किंमत जास्तीत जास्त करायची, हा मी दोन्ही पद्धतींनी लिहिलाय, त्यामुळे थोडं सांगतो. रिकरन्स तुम्हाला माहीत आहेच, प्रश्न फक्त टेबल किती ठेवायचं एवढाच आहे.

एक छोटं उदाहरण घेऊ. क्षमता ६. अ चं वजन ३ किंमत ४, ब चं वजन ४ किंमत ५, क चं वजन २ किंमत ३. किलोमागे किंमत बघून उचललं तर क आणि अ येतात, म्हणजे ७. टेबल भरलं की ८ येतं.

एका अ‍ॅरेत हे चार ओळींत होतं आणि मेमरीही नगण्य लागते, फक्त आतला लूप उलटा, म्हणजे मोठ्या क्षमतेकडून छोटीकडे चालवायचा. सुलटा चालवला तर उत्तर ९ येतं, कारण क तीनदा भरला जातो, आणि प्रोग्रॅम एररही देत नाही. अशी शंका आली की एकच वस्तू देऊन बघा, क्षमता ६ ला क एकटा ३ च्या वर गेला की लूपची दिशा चुकलीय.

पण हे सांभाळता येतं हो. माझं मत फिरलं ते वेगळ्याच गोष्टीमुळे. टेम्पोत माल भरायचं एक छोटं टूल लिहीत होतो, आणि गोडाऊनवाल्यांना ८ या आकड्याशी काही देणंघेणं नव्हतं, त्यांना कुठले खोके चढवायचे ते हवं होतं. एका अ‍ॅरेत शेवटची ओळच उरते, मधली निवड पुसली जाते, आणि दर वेळी ती परत शोधत बसायचं म्हणजे वैताग.

पूर्ण टेबलात प्रत्येक वस्तूची एक ओळ आणि प्रत्येक क्षमतेचा एक रकाना असतो, dp[i][w] म्हणजे पहिल्या i वस्तूंतून w क्षमतेत मिळणारी कमाल किंमत, त्यामुळे ते आपोआप मिळतं:

```
picked = []
w = W
for i in range(n, 0, -1):
    if dp[i][w] != dp[i-1][w]:
        picked.append(i)
        w -= wt[i-1]
```

आपल्या उदाहरणात क च्या ओळीत ६ खाली ८ आहे आणि वरच्या ओळीत ५, आकडा बदलला म्हणजे क घेतला, उरले ४. ब च्या ओळीत ४ खाली ५, वर ४, म्हणजे ब पण घेतला, उरलं शून्य, त्यामुळे अ बाहेर. कागदावर सुद्धा तपासता येतं, आणि कोड गडबडला तर नेमकी कुठली ओळ बिघडलीय ते डोळ्याला दिसतं.

आता मेमरी. १,००० वस्तू आणि १,००,००० क्षमता असेल तर १० कोटी घरं, चार बाइटचा इंटीजर धरला तर ४०० एमबी, हे जड आहे, मान्य. तिथे मी किंमती एका अ‍ॅरेतच ठेवतो आणि प्रत्येक घरासाठी घेतला-नाही घेतला एवढा एक बिट साठवतो, साधारण १२.५ एमबीत भागतं आणि माग काढता येतो, फक्त आकडे बघायची सोय जाते.

कॉन्टेस्टमध्ये नुसती कमाल किंमत विचारली असेल तर एक अ‍ॅरे खुशाल वापरा, तिथे माझंही काही म्हणणं नाही. पण उत्तर कोणी प्रत्यक्ष वापरणार असेल तर मला वाटतं पूर्ण टेबलानेच सुरुवात करावी, आणि मेमरी खरंच अडली की मग बिटवर यावं.