रात्रीचा पॅकेट लॉस: तक्रारीला कोणता पुरावा जोडावा?

रात्री नऊनंतर पॅकेट, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, वाटेत हरवून व्हिडिओ कॉल तुटायला लागले की बहुतेक जण इंटरनेट कंपनीला पाठवायच्या तक्रारीच्या मेलला स्पीड टेस्टचा स्क्रीनशॉट जोडतात. स्पीड टेस्ट, पिंगची नोंद आणि एमटीआरचा अहवाल या तीन पुराव्यांमध्ये हाच सर्वांत लंगडा. ही टेस्ट एकाच वेळी अनेक कनेक्शन उघडते आणि हरवलेली पॅकेट पुन्हा मागवते, त्यामुळे थोडाफार लॉस असूनही आकडा प्लॅनमधल्या स्पीडच्या आसपास दिसू शकतो. मग कंपनी तुमचाच स्क्रीनशॉट दाखवून "सर, स्पीड तर बरोबर येतोय" म्हणायला मोकळी.

पिंगची नोंद सरळ असते: इतकी पॅकेट पाठवली, इतक्यांचं उत्तर आलं नाही. पण एकट्या 1.1.1.1 या बाहेरच्या सर्व्हरला केलेलं पिंग अर्धवट. "तुमचं वायफाय बघा" हे उत्तर ठरलेलं असतं, म्हणून लॅपटॉप केबलने जोडून राउटरलाही त्याच वेळी पिंग करा. विंडोजवर दोन खिडक्यांत:

```
ping -n 600 192.168.1.1
ping -n 600 1.1.1.1
```

पहिल्या ओळीत आपल्या राउटरचा पत्ता घालायचा. साधारण दहा मिनिटं लागतात, आणि तेवढ्या वेळात घरात कुणी डाउनलोड चालू ठेवू नये. आपलीच लाइन भरली तरी पॅकेट गळतात. समजा राउटरकडे 600 पैकी 0 आणि बाहेर 36 हरवली, तर लॉस 6 टक्के, आणि तो घराबाहेरचा. हेच दुपारी 0 निघालं तर रात्रीच्या गर्दीवर बोट ठेवता येतं.

एमटीआर (विंडोजवर `pathping`) वाटेतला प्रत्येक टप्पा दाखवतं. नेटवर्कच्या माणसाला हेच हवं असतं, पण फसगतही इथेच होते. चौथ्या टप्प्यावर 80 टक्के लॉस आणि पुढे सगळीकडे 0 असेल, तर तो राउटर फक्त पिंगला उत्तर द्यायचा कंटाळा करतोय, बिघाड नाही. तक्रारीत ती ओळ अधोरेखित केलीत तर जाणकार इंजिनिअर पत्र तिथेच बाजूला ठेवेल. लॉस दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यापासून सुरू होऊन शेवटपर्यंत टिकला, तरच तो धरायचा.

निवड करायचीच तर मी पिंगची जोडी घेईन: एक रात्रीची, एक दुपारची. एमटीआरचा एकच अहवाल सोबत, तोही लॉस शेवटपर्यंत पोचत असेल तरच. स्पीड टेस्ट नकोच. पत्राचा मजकूर एवढा पुरे:

"रात्री 9 ते 11:30 या वेळेत पॅकेट लॉस होतो. केबलने जोडून घेतलेल्या चाचणीत राउटरपर्यंत 0 टक्के, बाहेर 6 टक्के. दुपारी दोन्हीकडे 0. नोंदी सोबत जोडल्या आहेत. माझ्या भागातील जोडणीवर या वेळेत किती भार असतो ते तपासून लेखी कळवावे."

नोंदी टेक्स्ट फाइलमध्येच पाठवा आणि प्रत्येक फाइलच्या नावात तारीख-वेळ घाला. तक्रारीचा डॉकेट क्रमांक मागून घ्यायला विसरू नका. तक्रार मिटली नाही तर कंपनीच्याच अपिलीय प्राधिकरणाकडे जाताना तो लागतो.